चार वर्षं न हटणारे चट्टे, दोनदा उपचार बदलले, आता पुन्हा बायोप्सी सांगितली आहे

कृष्णाकाठ

नमस्कार. नवऱ्याच्या त्वचेबद्दल विचारायचं आहे. जरा सविस्तर लिहिते.

वय ५१, सांगलीला असतो, ऑफिसात बसून काम. मधुमेह नाही. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास डाव्या कुल्ल्यावर रुपयाएवढा लालसर चट्टा आला. वर बारीक कोंडा, खाज अगदी थोडी. घामामुळे गजकर्ण झालं असेल म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मलम आणि सहा आठवडे गोळ्या दिल्या. काडीचा फरक पडला नाही. मग त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी इसब म्हणून क्लोबेटासॉल हे स्टेरॉइडचं मलम दिलं. आठ-दहा दिवसांत चट्टा जवळजवळ दिसेनासा झाला, आम्ही खूश. मलम थांबवलं आणि तीन आठवड्यांत तिथेच, त्याच आकाराचा परत. तेव्हापासून हेच चाललंय. साबण बदलला, सुती कपडे, खोबरेल तेल, वांगी-अंडी बंद, सगळं करून झालं.

गेल्या वर्षी एका ठिकाणी बायोप्सीही केली होती. रिपोर्ट 'क्रॉनिक स्पाँजिओटिक डर्मटायटिस', म्हणजे इसबच. आम्ही निर्धास्त झालो. पण आता नऊ चट्टे आहेत. दोन्ही कुल्ल्यांवर, ओटीपोटावर पट्ट्याच्या खाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला, एक काखेजवळ. चेहरा, हात, पाय स्वच्छ. जुन्या चट्ट्यावरची कातडी चिमटीत धरली तर चुरगळून सरळ केलेल्या पातळ कागदासारखी सुरकुतते.

आता नव्या डॉक्टर बाईंनी त्याला पूर्ण उभं करून चारी बाजूंनी बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "उन्हात उघडा पडणारा एकही चट्टा नाही का?" त्यांनी मलम तीन आठवडे बंद करून दोन वेगवेगळ्या चट्ट्यांतून तुकडे घ्यायला सांगितलंय. कारण विचारल्यावर म्हणाल्या, त्वचेतल्या टी-सेल लिम्फोमा ह्या कॅन्सरचा एक सौम्य प्रकार नाही ना, हे बघायचंय. नाव लिहून दिलं: मायकोसिस फंगॉइडिस. ते वाचल्यापासून घरात झोप उडाली आहे. सासूबाई म्हणतात लोखंड लागलं की असलं पसरतं. एकदा बायोप्सी झालेली असताना परत का? आणि मलम बंद केलं तर सगळं उफाळून येणार नाही का?

शेतकरी_नगर

ताई, घाबरू नका. मलाही सहा वर्षं असंच होतं. मान, कोपराची घडी, पापण्यासुद्धा. तीन डॉक्टर झाले. शेवटी पाठीवर पट्ट्या चिकटवून ॲलर्जीची तपासणी केली, काँग्रेस गवत निघालं. बांधावरचं गवत मी स्वतः उपटत होतो, तेच. आता ते काम गड्याकडे, मी तोंडाला गमछा बांधून लांब. ९० टक्के फरक आहे. तुमच्या मिस्टरांची पण पॅच टेस्ट करून घ्या आधी, कापाकापी नंतर.

मंदार_ठाणे

एकदा बायोप्सी नॉर्मल आली म्हणजे कॅन्सर नाही हे सिद्ध झालं. बायोप्सी म्हणजे शेवटचा शब्द. आता परत करायला सांगतात ते फक्त बिल वाढवायला. मलम मात्र खरंच थांबवा. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, तो कागदासारखा भाग त्याचाच असणार. घरात कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असेल तर त्याही आजच बंद करा.

वर्षा_पॅथ

मी हिस्टोपॅथॉलॉजीत २२ वर्षं काम करते, म्हणजे असे तुकडे रोज काचेवर बघते. पेशंट बघत नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांची जागा मी घेऊ शकत नाही. पण बायोप्सी परत का, एवढं नीट सांगता येईल.

आधी मंदार यांच्या प्रतिसादातली एक गोष्ट तातडीने. लावायचं मलम डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबवणं वेगळं. महिनोन्महिने चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं आहे. शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवायचं विसरलेलं असतं. माणूस कोसळू शकतो. तसं कुणीही करू नका. कातडी मलमाने पातळ होते हे त्यांचं म्हणणं मात्र बरोबर आहे, आणि ह्या आजारातही होते, त्यामुळे त्या सुरकुतीवरून एकट्याने काही ठरत नाही.

आता 'बायोप्सी म्हणजे शेवटचा शब्द' याबद्दल. गाठीच्या बाबतीत ते बरंचसं खरं असेल. इथे नाही. हा आजार त्वचेतल्या लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा आहे. आणि इसबातही त्याच जातीच्या पेशी त्वचेत जमतात. सुरुवातीच्या वर्षांत दोन्हींत त्या दिसायलाही सारख्याच. फरक असतो तो त्या कुठे बसल्यात आणि आजूबाजूला काय चाललंय यात.

इसबाच्या काचेवर मला वरचा थर भिजलेल्या स्पंजासारखा दिसतो. पेशींमध्ये पाणी साचून फटी पडलेल्या असतात आणि त्या फटींतून लिंफोसाइट वर शिरलेले असतात. जिथे सूज तिथे ते, हिशेब जुळतो. मायकोसिस फंगॉइडिसमध्ये हिशेब जुळत नाही. सूज जवळजवळ नसते, तरी लिंफोसाइट वरच्या थरात. तेही तळाच्या ओळीला लागून एकाशेजारी एक, पंगतीला बसल्यासारखे, प्रत्येकाभोवती एक पांढरी रिकामी कडा. कधी तिघे-चौघे मिळून वरच्या थरात छोटंसं टोळकं करून बसतात. ते टोळकं दिसलं की निदान सोपं होतं, पण सुरुवातीच्या चट्ट्यांत ते बऱ्याचदा सापडतच नाही.

आणि क्लोबेटासॉल नेमकं काय करतं? ह्याच पेशी पळवून लावतं. मलम लावलेल्या चट्ट्याचा तुकडा माझ्याकडे आला तर पंगत उठून गेलेली असते. उरलेल्या चार पेशी बघून मी 'स्पाँजिओटिक डर्मटायटिस'च लिहीन, आणि त्या काचेपुरतं ते चूकही नसेल. ताई, गेल्या वर्षी तुकडा घेतला तेव्हा मलम चालू होतं का? आणि कागदावर डॉक्टरांनी काय लिहून पाठवलं होतं ते जमल्यास बघा.

कृष्णाकाठ

मलम चालूच होतं, आदल्या रात्रीही लावलं होतं. कुणी थांबवायला सांगितलं नव्हतं. जुन्या फाइलमध्ये कागद सापडला. त्यावर फक्त 'एक्झिमा, गुडघ्यावरील चट्टा' लिहिलंय. पण गुडघ्यावर त्याला कधी चट्टाच नव्हता! तुकडा मांडीचा होता.

वर्षा_पॅथ

म्हणजे माझ्यासारख्या कुणाच्या टेबलावर गुडघ्याचा इसब म्हणून तो आला. गुडघ्याची कातडी जाड, घासली जाणारी. तिथे इसब असणं अगदी अपेक्षित. 'चार वर्षं, झाकलेल्या भागात, मलम थांबवलं की त्याच जागी परत, लिम्फोमा वगळा' असं लिहिलं असतं तर त्याच काचेचे मी आणखी काप कापायला सांगितले असते आणि अर्धा तास जास्त बसले असते. ह्या आजाराचं निदान काच आणि पेशंट दोन्ही एकत्र ठेवूनच होतं. म्हणून ह्या वेळी कागदावर पूर्ण हकीकत जाऊ द्या. गेल्या वर्षीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, त्या लॅबकडे असेल. तोही मागवून घ्या. नव्याबरोबर ठेवून बघता येतो.

शेतकरी_नगर, तुमची केस आणि ही जवळजवळ एकमेकांची उलटी आहेत, म्हणून ती इथे उपयोगी आहे. गवताची ॲलर्जी जिथे हवा लागते तिथे येते: चेहरा, मान, हात. मिस्टरांना नेमकं तिथेच काही नाही. चड्डीत झाकला जाणारा भाग, कुल्ले, मांड्यांची आतली बाजू, स्त्रियांत स्तनांचा खालचा भाग, ह्या आजाराच्या आवडत्या जागा. उन्हातले अतिनील किरण ह्या पेशींना दाबतात, तेव्हा उघड्या अंगाला आपोआप थोडा उपचार मिळत राहतो असं मानलं जातं. पॅच टेस्टमुळे नुकसान नाही, पण इथे ती आधी करायची गोष्ट नाही.

सुलभा_जोशी

मायकोसिस म्हणजे बुरशी ना? मग ही बुरशीच झाली. माझ्या भाच्याला इट्राकोनॅझोलने तीन महिन्यांत गजकर्ण पूर्ण गेलं. मात्रा वाढवून बघा. हल्लीचं गजकर्ण चिवट झालंय असं आमचे डॉक्टर सांगतात.

वर्षा_पॅथ

सुलभाताई, नावामुळे फसायला होतंच. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात अलिबेर नावाच्या डॉक्टरांनी १८०६ मध्ये एक पेशंट बघितला, त्याच्या अंगावर अळंब्यांसारख्या गाठी उठल्या होत्या. त्यावरून हे नाव पडलं. बुरशीशी संबंध काही नाही, आणि त्या गाठी आजाराच्या खूप पुढच्या टप्प्यातल्या. बहुतेक पेशंट तिथवर कधी पोचतच नाहीत.

पण तुमच्या मुद्द्यात एक खरी गोष्ट आहे. चिवट गजकर्ण सध्या आपल्याकडे सगळीकडे आहे, आणि स्टेरॉइड मिसळलेली दुकानी मलमं लावून त्याचा गोल काठ पुसला गेला की ते हुबेहूब इसबासारखं दिसतं. म्हणून तुकडा काढण्याआधी चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून बुरशी दाखवणारी केओएचची तपासणी करावी. स्वस्त, पाच-दहा मिनिटांचं काम, आणि मलम बंद असताना केली तर जास्त विश्वासाची.

अनघा_न्यूजर्सी

थोडं वेगळं, पण सांगावंसं वाटतं. माझ्या दिरांना इथे ५८ व्या वर्षी पहिल्यांदा एक्झिमा 'सुरू झाला'. लहानपणी काहीही नव्हतं. मलमांनी भागेना म्हणून डुपिलुमॅबची इंजेक्शनं सुरू केली. पहिले दोन महिने खाज कमी झाली, मग अंगभर लाली पसरली. तेव्हा बायोप्सी केली तर हाच आजार. डॉक्टरांचं म्हणणं असं की तो आधीपासूनच असावा, इंजेक्शनमुळे उघडा पडला. कुणी म्हणतं इंजेक्शननेच वाढला. आमच्या घरात ह्यावर अजून वाद होतो. पण एक वाक्य मनात राहिलं: पन्नाशीनंतर पहिल्यांदा आलेला, खानदानात दमा-ॲलर्जी काही नसलेला एक्झिमा मोठ्या औषधाआधी एकदा काचेखाली बघून घ्यावा.

वर्षा_पॅथ

तो वाद आमच्या क्षेत्रातही मिटलेला नाही, अनघा. सायक्लोस्पोरिन ह्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाबाबत मात्र बरीच सावधगिरी बाळगतात, ते ह्या आजारात वाढ करू शकतं. म्हणून इसब समजून दाबणारी औषधं चढवत नेण्याआधी एक-दोन नीट घेतलेले तुकडे हवेत.

मंदार_ठाणे

गोळ्यांबद्दल मी चूक बोललो, मागे घेतो. पण मूळ शंका राहतेच. प्रत्येक हट्टी इसबाची बायोप्सी करायची म्हटली तर अर्ध्या महाराष्ट्राला टाके पडतील. रेषा कुठे ओढायची?

वर्षा_पॅथ

योग्य प्रश्न. सगळ्यांची नाहीच करायची. इसब ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतं, जागा बदलतं, खाजवून रडवतं. डॉक्टरच्या कानात घंटा वाजते ती ह्या गोष्टी एकत्र आल्या की: मोठ्या वयात सुरुवात, झाकलेल्या भागात, वर्षानुवर्षं त्याच जागी, आकार आणि रंग एकेका चट्ट्याचा वेगळा, मलमाने दबतो पण पुसला जात नाही, आणि चट्टे हळूहळू वाढत जातात. ह्यातली एकच गोष्ट असेल तर थांबून बघतात. इथे जवळजवळ सगळ्याच आहेत. तरीही तो इसबच निघू शकतो, हे मी मुद्दाम लिहितेय.

मावळची_मीना

माझ्या पुतण्याचं सांगते. वय १७. पाठीवर आणि मांडीवर पांढुरके चट्टे. गावात कुजबूज सुरू झाली की कुष्ठरोग. वहिनीने त्याला शाळेत पाठवायचं बंद केलं. पुण्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी कापूस लावून विचारलं, चट्ट्यावर स्पर्श कळतो का. पूर्ण कळत होता. मग बायोप्सी झाली आणि हाच आजार, पांढऱ्या रंगाचा प्रकार. आठवड्यातून तीनदा प्रकाशाच्या पेटीत उभं राहायला जायचा, नॅरोबँड यूव्हीबी म्हणतात. आठ-नऊ महिन्यांत रंग भरला. आता इंजिनिअरिंगला आहे, दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो. सासूबाईंना सांगा, त्याला दोनदा सुरी लागली आणि काही पसरलं नाही.

वर्षा_पॅथ

मीनाताई, हा पांढुरका प्रकार सावळ्या त्वचेत आणि लहान वयात जास्त दिसतो, आणि कोड किंवा कुष्ठरोग म्हणून वर्षं वाया जातात. लिहिलंत ते फार चांगलं केलंत. आणि हो, पंच नावाच्या गोल पात्याने तुकडा काढल्यामुळे हा आजार पसरत नाही.

कृष्णाकाठ (पाच आठवड्यांनंतर)

सगळ्यांचे आभार. आता पुढची हकीकत.

मलम तीन आठवडे बंद ठेवलं, फक्त व्हॅसलीन. पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्या आठवड्यात चट्टे विटकरी लाल झाले. दोन चट्टे जे गेले असं वाटत होतं तेही परत उजळले. खाज वाढली पण सहन होण्यासारखी. आधी खपली खरवडून केओएच केलं, बुरशी नाही.

मग एक तुकडा कुल्ल्याच्या सर्वांत जाड लागणाऱ्या चट्ट्यातून, दुसरा ओटीपोटावरून. जागा बधीर करायची सुई तेवढी झोंबली. पेनाच्या टोपणासारखं गोल पातं फिरवलं, पाच मिलीमीटरचा तुकडा, प्रत्येकी दोन टाके. पंधरा मिनिटांत बाहेर. बसताना आठवडाभर एका बाजूला कलून बसावं लागलं, टाके बाराव्या दिवशी काढले. ह्या वेळी कागदावर डॉक्टर बाईंनी पानभर लिहिलं. चट्ट्यांचे फोटोही काढून पाठवले.

रिपोर्ट नवव्या दिवशी आला. कुल्ल्याच्या तुकड्यात लिंफोसाइट तळाच्या थराला लागून ओळीने, सूज नगण्य. ओटीपोटाच्या तुकड्यात तसं स्पष्ट नाही. डाग टाकून पेशींवरच्या खुणा बघतात, त्या तपासणीत सीडी३ आणि सीडी४ बहुतेक पेशींत, सीडी८ थोड्या, सीडी७ बरंच कमी झालेलं. शेवटी लिहिलंय, 'मायकोसिस फंगॉइडिसच्या सुरुवातीशी सुसंगत, क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावे'. म्हणजे हो की नाही?

दोन्ही तुकडे जनुकांच्या तपासणीला मुंबईला पाठवलेत. मानेत, काखेत, जांघेत गाठी हाताला लागल्या नाहीत. रक्त ठीक आहे. डॉक्टर बाईंनी त्याच्याच तळहाताने चट्टे मोजून दाखवले. बोटांसकट एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. सगळे मिळून सहा भरले.

वर्षा_पॅथ

'सुसंगत' म्हणजे हो कडे झुकलेलं, पण सही केलेलं हो नाही. सीडी७ साध्या सुजेतही कमी होतं, त्यामुळे त्यावर एकट्यावर मी भर देणार नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो ओळीने बसण्याचा भाग आणि तुम्ही सांगितलेली चार वर्षं. जनुकांच्या तपासणीत बघतात की ह्या सगळ्या पेशी एकाच आईची लेकरं आहेत का. एका तुकड्यात तसं आलं तर कधीकधी साध्या इसबातही येतं. पण कुल्ला आणि पोट, दोन वेगळ्या जागी अगदी तीच लेकरं सापडली तर शंकेला फार कमी जागा उरते. म्हणून दोन ठिकाणचे तुकडे.

सहा टक्के आणि सपाट चट्टे, गाठी नाहीत. हाच आजार ठरला तरी हा पहिला टप्पा, १० टक्क्यांच्या आतला. ह्या टप्प्यातल्या बहुतेकांचं आयुष्यमान त्यांच्या वयाच्या इतरांइतकंच असतं. केमोथेरपीचा प्रश्न इथे येत नाही. त्वचेपुरते उपचार आणि वर्षानुवर्षं लक्ष ठेवणं.

कृष्णाकाठ

तुमचं हे वाक्य सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री त्याच्या ताटात वांग्याची भाजी होती.

एक शेवटची अडचण. डॉक्टर बाई म्हणतात जनुकांच्या रिपोर्टची वाट न बघता नॅरोबँड सुरू करू, इसब असलं तरी त्याने फायदाच होईल. मला बरं वाटलं, पण हे बरोबर आहे ना?

वर्षा_पॅथ

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. प्रकाशाने दोन्हींत फरक पडतो हे खरं. पण म्हणूनच त्याने बरं वाटलं तर काय होतं ते कळणार नाही. जनुकांच्या तपासणीत काही निघालं नाही आणि तिसरा तुकडा घ्यायची वेळ आली, तर तोवर पंगत परत उठलेली असेल. चार वर्षं गेलीत, आणखी दोन-तीन आठवड्यांनी नुकसान नाही. तरीही पेशंट त्यांनी बघितलाय, मी नाही. त्यांनाच हे विचारा, आणि सुरू करायचंच ठरलं तर आधी प्रत्येक चट्ट्याचा मोजपट्टी ठेवून फोटो काढून घ्या.

मंदार_ठाणे

ताई, रिपोर्ट आला की इथे नक्की लिहा. माझ्या मोठ्या भावाच्या कमरेवर तीन वर्षांपासून असाच एक चट्टा आहे. एकच आहे, पण मलम लावणं काल थांबवायला सांगितलं त्याला. फोटो काढून ठेवलाय.

वर्षा_पॅथ

मंदार, एकच चट्टा तीन वर्षं असेल तर दुसऱ्याही काही शक्यता असतात, एखाद्या जागी वरच्या थरातला कॅन्सर सुद्धा इसबासारखा दिसतो. फोटोवर थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा.

कृष्णाकाठ

डॉक्टर बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या ठीक, जनुकांचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू. सोमवारपर्यंत यायला हवा. तोवर व्हॅसलीन चालू आहे.